मदत हवी आहे: स्पॅनिशमध्ये अंदाजाचा भविष्यकाळ कुठवर चालतो?

नमस्कार मंडळी, कोल्हापुरात घरीच स्पॅनिश शिकतोय. बेत सांगायला 'बोय आ' लावतो: रविवारी पन्हाळ्याला जाणार, 'एल दोमिंगो बोय आ इर आ पन्हाळा'. रंकाळ्यावर ढग दाटले की 'बा आ योबेर', आता कोसळणार. उद्याच्या हवामानाच्या बातमीत 'मान्याना योबेरा', म्हणजे साधा भविष्यकाळ. इथवर ठीक.

घोळ अंदाजाचा आहे. 'सेरान लास सिंको', पाच वाजले असतील. 'एस्तारा एन कासा', घरी असेल. आपल्या 'असेल'सारखंच, त्यामुळे हे फुकटात जमलं! पण गगनबावड्यात आत्ता पाऊस पडत असेल, हे कसं म्हणायचं? नुसतं 'योबेरा' म्हटलं तर पुढे पडेल असंच वाटतं. म्हणून मी 'एस्तारा योबिएंदो' म्हणतो, आणि भाऊ पोहोचला असेल तर 'आब्रा येगादो'.

म्हणजे 'असणे', 'माहीत असणे' अशा स्थितीच्या क्रियापदांना साधा भविष्यकाळ पुरतो, पण क्रिया चालू किंवा संपलेली असेल तर जोडरूपच लागतं, असा नियम धरू का? आणि आत्ताच्या अंदाजाला 'बा आ एस्तार' कुठल्या देशात बोलतात का? बोलण्यातली उदाहरणं दिलीत तर बरं होईल.