गरीब कोण: पोट न भरणारा, की मागे पडणारा?

गोदाकाठ
जागतिक बँकेने 2025 मध्ये माणशी रोजच्या 3 डॉलरची नवी गरिबीची रेषा आणली. तिच्यानुसार 2022-23 मध्ये भारतात 5.3 टक्के लोक अतिगरीब होते. सकाळी नाशकातल्या मजूर नाक्यावरची गर्दी बघितली की हा आकडा पटत नाही. तरीही गरिबी पोटावरच मोजावी असं माझं मत आहे. दोन वेळचं जेवण, अंगभर कपडा आणि छप्पर ज्याला नाही तो गरीब. शेजाऱ्याकडे गाडी आहे आणि माझ्याकडे नाही, याला गरिबी म्हणू नये. तुम्हाला काय वाटतं?

सिडकोवाला
शंभर टक्के सहमत, पण रेषा खऱ्या भावाने काढा. 2011 मध्ये नियोजन आयोगाने सुप्रीम कोर्टात सांगितलं की शहरात रोज 32 रुपये खर्च करणारा गरीब नाही. तेवढ्यात माणूस दोन वेळ जेवणार कसा? संताप आला होता तेव्हा.

मखमलाबादकर
सिडकोवाला, रेषा तोकडी होती हे खरंच. पण ते 32 रुपये नुसत्या जेवणाचे नव्हते. सरपण, कपडे, औषधं, शाळा, बसभाडं सगळं त्यात धरलेलं होतं. शिवाय ते माणशी होते, तान्ह्या बाळालाही तेवढेच. महिन्याला माणशी 965, म्हणजे पाच जणांच्या घराला 4,825 रुपये. वाद घालायचा तर या आकड्यावर घालावा, कारण त्यातून घरभाडं गेल्यावर काय उरतं ते नाशकात राहणाऱ्याला कळतं.

गोदाकाठ, तुम्ही म्हणता तशी निव्वळ पोटाची रेषा आपल्याकडे कधी नव्हतीच. ज्वारी इतकी, डाळ इतकी, कपडा इतका अशी यादी करून ती काढलेली नाही. 1979 मध्ये नियोजन आयोगाच्या अलघ गटाने खेड्यात माणशी रोज 2400 आणि शहरात 2100 उष्मांक धरले. मग नमुना पाहणीत बघितलं, की महिन्याला किती खर्च करणारे लोक सरासरी तेवढं खातात. 1973-74 च्या भावाने खेड्यात उत्तर आलं 49.09 रुपये, शहरात 56.64. कपडा, दवाखाना, शाळा यांवर ती माणसं जे काही खर्च करत होती ते आपोआप रेषेत आलं. ते पुरेसं होतं का, हा प्रश्नच त्या रीतीत नव्हता.

पुढची अनेक वर्षं त्या रकमांवर फक्त भाववाढ चढवत गेले. मधल्या काळात राहणी बदलली. रानातून आणायचं सरपण विकत घ्यावं लागलं, कामाला जायला गाडीभाडं आलं, खासगी दवाखाना आला. नंतरच्या पाहण्यांत त्याच रेषेवरचा माणूस 2400 उष्मांक खातच नव्हता. 2009 मध्ये तेंडुलकर समितीने उष्मांकाचा दोर सोडला, पण सुरुवात कुठून केली बघा: 2004-05 मध्ये शहरी गरिबी 25.7 टक्के हा जुन्या पद्धतीचा आकडा तसाच ठेवला, आणि त्या पायरीवरचा शहरी माणूस जे विकत घेत होता तेच खेड्यालाही लावलं. म्हणजे इतरांशी तुलना न करता काढलेली म्हणून जिला आपण निरपेक्ष रेषा म्हणतो, तिच्या बुडाशीही एका काळातल्या एका थराची राहणीच आहे.

सुरगाण्याचा
मला एवढं कळत नाही, पण विचारतो. आमचं कार्ड केशरी आहे, म्हणजे आम्ही रेषेच्या वर ना? दोन वर्षांपूर्वी वडिलांचं ऑपरेशन झालं. व्याजाने पैसे काढले, एक बैल विकला. त्या वर्षी आमच्या घरचा खर्च आजवरचा सगळ्यात मोठा होता. खर्चावरून मोजतात तर त्या वर्षी आम्ही श्रीमंत झालो का?

मखमलाबादकर
दादा, कार्ड आणि ही रेषा वेगळ्या गोष्टी आहेत. प्राधान्य कुटुंबाच्या धान्यासाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा गावात 44,000 आणि शहरात 59,000 अशी ठेवली, आणि त्यात बसणारी केशरी कार्डंही घेतली. ही मर्यादा घराची आहे, घरात तीन माणसं असोत की आठ.

दुसरा प्रश्न मात्र तुम्ही नेमका विचारलात. पाहणीत दवाखान्याचा खर्च कुटुंबाच्या खर्चात धरला जातो आणि तो कर्ज काढून केला की कमाईतून, याने फरक पडत नाही. तुमचं घर खर्चाने वर गेलेलं दिसलं असतं, ताटातलं कमी झालेलं असतानाही. ही या पद्धतीतली सगळ्यात मोठी खोट आहे असं मी मानतो. आजारपणाचा खर्च वेगळा काढून उरलेल्या खर्चावर मोजलं, तर कितीतरी घरं खाली येतील.

दिंडोरी रोड
गोदाकाठ, गाडीचं उदाहरण सोपं घेतलंत. फोनचं घ्या. मी द्राक्षबागांवर टोळ्या पाठवते. दहा-बारा वर्षांपूर्वी मुकादम वस्तीवर जाऊन माणसं गोळा करायचा, आता रात्री फोन करतो. ज्या बाईकडे फोन नाही तिला थिनिंगचं, म्हणजे घडातले मणी विरळ करायचं, काम लागल्याचं कळतच नाही, मग मजुरी नाही आणि जेवणही नाही. इतरांकडे फोन आले म्हणून तिचं पोट अडलं. अमर्त्य सेन यांनी 1983 मध्ये हेच मांडलं होतं: गरज तीच राहते, ती भागवायला लागणाऱ्या वस्तू समाजाबरोबर बदलतात.

आकडेमोड
म्हणून युरोपसारखी मधल्या उत्पन्नाच्या 60 टक्क्यांवर रेषा ठेवायची? सोपं जावं म्हणून अर्ध्यावर ठेवून बघा. पाच घरं, महिना माणशी 2,000, 3,000, 5,000, 8,000 आणि 20,000. मधलं घर 5,000 चं, रेषा 2,500, गरीब एक. सगळ्यांचं उत्पन्न दुप्पट करा, तरी गरीब एकच. आता मंदी आणा: मधलं घर 3,800 वर आलं, खालचं 1,950 वर. रेषा झाली 1,900, म्हणजे गरीब शून्य! तो माणूस आधीपेक्षा कमी खातोय आणि कागदावर गरिबीतून सुटला. ब्रिटनमध्ये 2010-11 ला मधलं उत्पन्न घसरलं तेव्हा सापेक्ष गरिबी अशीच कमी झालेली दिसली. ही विषमता झाली, गरिबी नव्हे.

दिंडोरी रोड
मला 60 टक्क्यांची रेषा नकोच आहे. मला एवढंच हवंय की यादी दर काही वर्षांनी नव्याने करा आणि आज काम मिळवायला, मूल शाळेत टिकवायला जे लागतं ते तिच्यात घाला.

गोदाकाठ
फोनचा मुद्दा मान्य, तो कामासाठी लागतो. पण यादीत काय घालायचं हे कोण ठरवणार? आज फोन, उद्या खासगी क्लास. रेषा दर वेळी हलली तर 2011-12 शी तुलना कशाच्या जोरावर करायची? गरिबी घटली की वाढली हेच सांगता येणार नाही.

मखमलाबादकर
तुलनेसाठी जुनी रेषा भाववाढ लावून चालू ठेवता येते आणि नवी तिच्या शेजारी मांडता येते. जागतिक बँकही 3 डॉलरबरोबर 4.20 ची रेषा देते. (या डॉलरला बँकेतला भाव लावू नका, इथल्या किमती धरून 3 डॉलर म्हणजे 2021 च्या भावाने साठेक रुपये.)

आपल्याकडे दुसरी रेषा झालीही होती. 2014 मध्ये रंगराजन समितीने 2011-12 साठी महिना माणशी खेड्यात 972 आणि शहरात 1,407 रुपये सुचवले. तेंडुलकर रेषेच्या 816 आणि 1,000 ऐवजी हे लावल्यावर त्याच वर्षीची गरिबी 21.9 वरून 29.5 टक्क्यांवर गेली. माणसं तीच, पाहणीचं वर्षही तेच. सरकारने ती रेषा स्वीकारली नाही.

सिडकोवाला
मग नाशिक शहर आणि सुरगाणा यांना वेगळी रेषा का नाही? राज्यात खेडं आणि शहर एवढेच दोन भाग. तेंडुलकर पद्धतीने 2011-12 ला महाराष्ट्रात खेड्यात 967 आणि शहरात 1,126. आमच्याकडे खोलीचं भाडं आणि त्यांच्याकडे घर स्वतःचं, हा फरक 159 रुपयांत बसतो?

सुरगाण्याचा
घर स्वतःचं आहे, पण काम आणि मोठा दवाखाना नाशकात आहे. त्या जाण्यायेण्याचं भाडंही मोजा.