मदत हवी आहे: ट्रस्टच्या ऑफिसचं नेटवर्क सोपवून जातोय, टिपणं वाचा आणि तिसऱ्या दुखण्यावर सुचवा (नाशिक)

गोदाकाठचा

नमस्कार मंडळी. पंचवटीतल्या एका छोट्या ट्रस्टच्या ऑफिसचं नेटवर्क आजवर मी हौसेने सांभाळलं. आता नोकरीसाठी नाशिक सोडतोय आणि पुढे हे काम हिशेब बघणाऱ्या ताईंकडे जाणार आहे. ताई कामाला पक्क्या, पण वायरी आणि राउटर हा त्यांचा प्रांत नाही. त्यांच्यासाठी लिहिलेली टिपणं खाली देतोय. दोन ठिकाणी नेट का रखडतं ते मला कळलंय, तिसऱ्यावर गाडं अडलंय.

जागा आधी डोळ्यांसमोर आणा. गंगेजवळचा जुना वाडा, हातभर जाडीच्या भिंती. पुढच्या खोलीत फायबर येतं, तिथेच राउटर आणि आठ पोर्टचा स्विच. मधल्या खोलीत स्कॅनर, मागच्या खोलीत हिशेबाचे संगणक. अंगणापलीकडे सभागृह, तिथे देणगी पावतीचं टेबल आणि वाय-फायवर चालणारा लॅपटॉप. लाईन डाउनलोडला ५० आणि अपलोडला २० एमबीपीएस.

टिपण असं:

ताई, "नेट स्लो आहे" असं कुणी म्हटलं की लगेच कंपनीला फोन लावू नका. ज्या संगणकाची तक्रार आहे त्याच्यावरच दोन काळ्या खिडक्या उघडा आणि एकेकीत एक ओळ टाका.

```
ping -t 192.168.1.1
ping -t 8.8.8.8
```

पहिली आपल्या राउटरपर्यंत जाऊन येते, दुसरी वाड्याबाहेर. पहिलीत १-२ आणि दुसरीत १५-२० च्या आसपास आकडे दिसले तर सगळं ठीक. पहिली शांत आणि दुसरी शेकड्यांत गेली, तर एक तर आपली लाईन तुंबली आहे किंवा बाहेर काही बिघडलं आहे. सध्या सिंहस्थाच्या कामांसाठी रस्ते खोदताहेत, तेव्हा "Request timed out" सतत येत असेल तर मात्र कंपनीला फोन कराच. पहिलीच खिडकी बिघडली तर दोष वाड्यात आहे. कंपनीचा माणूस येईल, राउटर रीसेट करील, आपल्या सेटिंग्ज पुसून जाईल, आणि दुखणं होतं तिथेच राहील.

मागची खोली. इथे वरची चाचणी फसते, कारण दोन्ही खिडक्या छान दिसतात आणि तरी मधल्या खोलीतून स्कॅनची फाईल ओढायला युगं लागतात. मग नेटवर्कच्या सेटिंगमध्ये Link speed बघा. १००० हवं. १०० दिसलं तर केबलच्या आठ तारांपैकी एखादी टोकाशी तुटली आहे. १०० च्या वेगाला चारच तारा पुरतात, म्हणून नेट चालूच राहतं आणि कुणाला शंका येत नाही. ही केबल तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची आहे, जिन्याच्या वळणावर ताणलेली. दोन्ही टोकं नव्याने क्रिंप केली की काही महिने निभावतं. खरा उपाय म्हणजे अस्सल तांब्याची कॅट ६ ओढून घेणं. स्वस्त केबल पुन्हा घेऊ देऊ नका, दुकानदार काहीही म्हणो.

संध्याकाळचे पाच. दिवसभराची स्कॅन केलेली कागदपत्रं तेव्हा ड्राइव्हवर चढतात आणि अख्खं ऑफिस ठप्प होतं. हे मी मोजून पाहिलंय. फोल्डर साधारण २ जीबीचं. अपलोड २० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला अडीच एमबी, म्हणजे जेमतेम चौदा मिनिटं. तेवढा वेळ पहिली खिडकी १ वर आणि दुसरी १५ वरून ६०० च्या पुढे. अपलोडची रांग मोडेमपाशी साचते आणि बाकीच्यांच्या छोट्या विनंत्या त्या रांगेच्या शेपटाला उभ्या राहतात. म्हणून डाउनलोड मोकळं असूनही साधं पान उघडत नाही. ड्राइव्हच्या सेटिंगमध्ये अपलोडला १५०० केबीची मर्यादा घातली आहे. आता तेच फोल्डर बावीस मिनिटं घेतं आणि दुसरी खिडकी ४० च्या वर जात नाही. संगणक बदलला की ही मर्यादा पुन्हा घालायची. तेवढं विसरू नका.

आणि हे माझं अडलेलं: सभागृहात कार्यक्रम असला की पावतीच्या लॅपटॉपवर पान उघडायला मिनिट-मिनिट लागतं. पावत्या वेबवरच बनतात, रांग लागते, लोक वैतागतात. सभागृह रिकामं असताना त्याच टेबलावर सगळं सुरळीत. येणाऱ्यांसाठी वाय-फायचा पासवर्ड भिंतीवर लावलेला आहे, विश्वस्तांचाच तसा आग्रह.

दप्तरी_काका

कार्यभार सोपवताना नुसती टिपणं पुरत नाहीत. विश्वस्तांमध्ये बदल झाला की ९० दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो, कलम २२. ठरावाची प्रत जोडा. हे राहिलं तर पुढे फार त्रास होतो.

गोदाकाठचा

काका, मी विश्वस्त नाही, वायरी बघणारा स्वयंसेवक आहे. पण ठरावाचं बोललात ते बरं, सगळे पासवर्ड कुणाकडे राहणार हे मात्र बैठकीत लिहून घेतो.

नेटवीर

सोपं आहे. गेस्ट नेटवर्क चालू करा, लोकांना तिकडे वळवा, पावतीचा लॅपटॉप मूळ नेटवर्कवर ठेवा. दोघं वेगळे झाले की काम झालं. आणि आजकालचे फोन दर वेळी नवा मॅक पत्ता घेतात, त्यामुळे राउटरचे पत्तेही संपत असतील.

तारवाला

नेटवीर, गेस्टचं नाव वेगळं असलं तरी रेडिओ तोच आणि हवाही तीच. अंगणापलीकडून कमजोर सिग्नलवर बोलणारा फोन फार हळू बोलतो, आणि तो बोलत असेपर्यंत त्या चॅनेलवर बाकीचे गप्प. असे पन्नास फोन आले की लॅपटॉपची पाळीच येत नाही. मॅकचं म्हणाल तर बहुतेक फोन एका नेटवर्कला एकच बनावट पत्ता धरून ठेवतात, दर वेळी नवा नाही. तरी पत्ते संपण्याची शंका तपासायला सोपी आहे: त्या दिवशी लॅपटॉपचा आयपी 169.254 ने सुरू झाला तर तुमचं खरं. पण तेव्हा नेट मुळीच चालणार नाही, हळू चालणार नाही.

गोदाकाठचा, गर्दीच्या वेळी पहिल्या खिडकीत आकडा काय येतो? टिपणात तुम्ही इतरांना शिकवलंत, या टेबलाचाच आकडा दिला नाहीत.

गोदाकाठचा

रिकाम्या सभागृहात ३ ते ५. गर्दीत १५० ते ४००, मध्ये मध्ये गळतीही.

तारवाला

मग दोष हवेतच आहे. लॅपटॉपला केबल द्या, बाकी सगळे उपाय नंतर. ५ गिगाहर्ट्झचं सुचवलं असतं, पण तुमच्या भिंती ऐकून ते सभागृहात पोहोचेल असं वाटत नाही.

सिडकोची_सायली

आमच्या क्लासमध्येही सेम! सिग्नल वाढावा म्हणून जुना राउटर घरून आणून मधल्या खोलीत लावला, तर अर्ध्या मुलांचं नेट गेलं. कंपनीवाल्याला दोनदा बोलावलं. शेवटी कळलं की दोन्ही राउटर पत्ते वाटत होते. जुन्याचं डीएचसीपी बंद केल्यावर सुटलं. तुमच्याकडे पण दुसरा राउटर असेल, बघा.

तारवाला

त्यांच्याकडे तसं दिसत नाही, पण सायलीताईंचं हे टिपणात जायला हवं. तुम्ही गेल्यावर कुणीतरी प्रेमाने घरचा राउटर आणून स्विचला जोडणार, हे ठरलेलं आहे.

गोदाकाठचा

घातलं टिपणात. केबलची अडचण अशी की भिंतीला भोक पाडायला एक विश्वस्त तयार नाहीत, वाडा जुना म्हणून. दाराखालून चपटी केबल नेली तर उंबऱ्यावर चिरडते. गच्चीवरून नेता येईल, पण पावसाळ्यात विजेची भीती वाटते.

तारवाला

भीती बरोबर आहे. गच्चीवरूनच न्यायची असेल तर तांब्याऐवजी फायबर आणि दोन टोकांना मीडिया कन्व्हर्टर. फायबरमधून वीज आत येत नाही. खर्च वाढेल. त्याआधी रविवारी उघड्या दारातून एक लांब केबल तात्पुरती टाकून बघा. शंभर मीटरच्या आत असाल तर अंतराची काळजी नाही.

वहीखाते

मी त्याच त्या हिशेबवाल्या ताई. यांनीच लिंक पाठवली. करून पाहिलं, खिडकीत ओळीला तीन आकडे येतात: bytes=32, मग time, शेवटी TTL. राउटरच्या खिडकीत TTL=64 आला तर मी घाबरायचं का? आणि खिडकी बंद कशी करायची?

तारवाला

ताई, फक्त time बघा. TTL कडे लक्ष देऊ नका, तो वेग नाही. एखाद-दुसरा मोठा आकडा आला तरी सोडून द्या, सलग वीसेक ओळी वाढलेल्या दिसल्या तरच खरं धरा. Ctrl+C दाबलं की थांबतं आणि खाली सरासरी दिसते. ती वहीत तारीख-वेळ घालून लिहा.

गोदाकाठचा

रविवारी केबल टाकून पाहिली. भर गर्दीत पहिली खिडकी १ वर, हलली नाही. पावती बऱ्यापैकी भराभर निघाली, पण पूर्ण मोकळं म्हणता येणार नाही: दुसरी खिडकी मधूनच १८० ला जात होती. ड्राइव्ह तेव्हा बंद होता.

तारवाला

म्हणजे एकाखाली दुसरं दुखणं होतं. लोक कार्यक्रमाचे व्हिडिओ तिथूनच पाठवत असणार, तुमचं संध्याकाळचं पाच तेच करतं. २० चं अपलोड भरायला थोडेच फोन पुरे. इथे नेटवीरचं गेस्ट कामाला येईल, हवा वाचवायला नाही, तर त्या गेस्टला अपलोडची मर्यादा घालता यावी म्हणून. ८-१० एमबीपीएस त्यांना, बाकी ऑफिसला.

नेटवीर

मी आधीच म्हणत होतो 😄

गोदाकाठचा

गेस्ट चालू केलं, पण या राउटरमध्ये गेस्टला वेगाची मर्यादा घालायची सोय सापडत नाही. म्हणजे मर्यादा घालणारा नवा राउटर आणि गच्चीवरून फायबर, असे दोन खर्च विश्वस्तांपुढे ठेवायचे. एकच मंजूर झाला तर आधी कोणता?

तारवाला

आधी फायबर. गर्दीत लॅपटॉप हवेत अडकला तर राउटर कितीही चांगला असून पावती निघत नाही. तोवर कार्यक्रमाच्या दिवशी भिंतीवरचा पासवर्ड काढता येतो का, हे मात्र विश्वस्तांनाच विचारा.

वहीखाते

ते मी विचारते. तात्पुरती केबल सध्या गुंडाळून कपाटात ठेवली आहे, पुढच्या कार्यक्रमाला सकाळीच टाकू. उंबऱ्यावर पाय अडकू नये म्हणून त्यावर काय लावायचं, तेवढं सांगा.