मदत हवी आहे: नमुन्याच्या प्रचरणावरील चार तासांची टिपणे

चोपडेकर: टायफॉइडमुळे मी अकरा दिवस चोपड्याला घरी होतो आणि जळगावच्या वर्गातील संख्याशास्त्राचे चार तास माझे बुडाले. ‘तापीकाठ’, आपण त्या तासांना हजर होतात, म्हणून ही विनंती आपल्याला करत आहे. पुस्तक माझ्याकडे आहे, परंतु फळ्यावर उदाहरण कोणत्या पायऱ्यांनी सुटले, ते पुस्तकात मिळत नाही. केळीच्या पाच घडांची वजने 18, 20, 22, 24 आणि 26 किलो आहेत. सरासरी 22 येते, फरकांच्या वर्गांची बेरीज 40 होते, आणि तिला 5 ने भागून मला प्रचरण 8 मिळते. आपल्या वहीच्या एका छायाचित्रात मात्र ते 10 दिसते, आणि भागाकाराची ओळ अंगठ्याखाली झाकली गेली आहे. आपण शिबिराला गेला होतात तेव्हाच्या संभाव्यतेच्या तीन तासांचे सारांश, सोडवलेल्या उदाहरणांसह, मी रविवारपर्यंत लिहून देईन.

शिरपूरकर: 5 ऐवजी 4 ने भागले आहे. नमुना 30 पेक्षा लहान असला की एक वजा करतात.

अमळनेरची वाचक: माझीही आजारपणात हजेरी 75 टक्क्यांखाली गेली होती. वैद्यकीय प्रमाणपत्र लगेच जमा करावे.

चोपडेकर: आभारी आहे. प्रमाणपत्र दिले आहे. अडचण टिपणांची आहे.

गिरणाखोरे: 4 ने भागले हे बरोबर, पण कारण 30 चे नाही. हे पाच घड संपूर्ण बागेचा अंदाज घेण्यासाठी निवडले असतील, तर बागेची खरी सरासरी आपल्याला ठाऊक नसते. आपण फरक मोजतो ते याच पाच घडांच्या सरासरीपासून, आणि ती त्यांच्या मधोमधच बसत असल्यामुळे वर्गांची बेरीज खऱ्या सरासरीपासून मोजली असती त्याहून सहसा लहान येते. शिवाय फरकांची बेरीज शून्यच असते. येथे -4, -2, 0 आणि 2 कळले की पाचवा 4 असणारच, म्हणजे मोकळे फरक चारच. नमुना मोठा असला तरी एक वजा करायचाच असतो, फक्त परिणाम जाणवत नाही: 100 घड असतील तर 100 आणि 99 यांत फारसा फरक राहत नाही. मात्र बागेत एकूण पाचच घड असतील आणि तेवढ्यांचेच प्रचरण विचारले असेल, तर 5 ने भागून आलेले 8 हेच योग्य. म्हणून टिपणे मागताना उदाहरणाचे पहिले वाक्य अवश्य मागा.

तापीकाठ: पहिले वाक्य ‘बागेतून निवडलेले पाच घड’ असे आहे. चारही तासांची पाने आज सरळ प्रकाशात, पान क्रमांकासह पाठवते. तिसऱ्या तासाला मी उशिरा पोहोचले होते, त्यामुळे त्या दिवसाची सुरुवातीची उदाहरणे माझ्याकडे नाहीत. सारांशात सशर्त संभाव्यता सविस्तर असू द्यावी. मी नेमकी तिथेच अडते.

चोपडेकर: ती सर्वांत आधी लिहितो. तिसऱ्या तासाची सुरुवात कोणाकडे असल्यास कृपया कळवावे, बदल्यात हेच सारांश त्यांनाही देईन.