रेड यीस्ट राइस घ्यावं का? स्टॅटिन नको म्हणून स्टॅटिनच?

प्रश्नकर्ता मिहिर: कोलेस्टेरॉल कमी करायला दिलेल्या स्टॅटिनने पोटऱ्या आणि मांड्या दुखायला लागल्या म्हणून गोळी बंद केली. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, आता १६८. ओळखीतले एक जण म्हणतात रेड यीस्ट राइसच्या कॅप्सूल घे, नैसर्गिक आहे, दुखणार नाही. घेऊ का?

शरद काका: बिनधास्त घे. सगळ्यांना औषध कंपन्यांनी घाबरवून ठेवलंय. चीनमध्ये हार्ट अटॅक येऊन गेलेल्या जवळपास पाच हजार लोकांना हेच दिलं होतं, पुन्हा अटॅक येणं आणि हृदयविकाराने मरणं मिळून ४५ टक्क्यांनी कमी झालं. २००८ साली छापून आलंय. हवेतल्या गप्पा नाहीत.

वैशाली (फार्मासिस्ट): काका, अभ्यास खरा आहे, पण त्यात दिलं होतं ते झुएझिकांग, म्हणजे ठरलेल्या मात्रेचा अर्क, रोज साधारण १० मिग्रॅ लोव्हास्टॅटिन पोटात जाईल असा. लोव्हास्टॅटिन म्हणजे १९८७ पासून अमेरिकेत प्रिस्क्रिप्शनवर मिळणारं औषध. तांदळावर मोनास्कस बुरशी वाढवली की तिच्यात जे मोनॅकोलिन के तयार होतं ते हेच, रेणू तोच, काडीचा फरक नाही. म्हणजे मिहिर, तुम्ही ज्याच्यापासून पळताय त्याचाच भाऊ घरात घेताय, फक्त त्याच्या डब्यावर मात्रा लिहिलेली नाही.

नंदा: लाल तांदळाचा भात खाल्ला तर नाही का चालणार? फायबर पण मिळेल.

वैशाली (फार्मासिस्ट): नंदाताई, तो तांदूळ वेगळा, सालीमुळे लाल असतो, त्यात मोनॅकोलिन नाही. खा खुशाल.

शरद काका: मात्रा कमी असेल तर उलट चांगलंच की. जास्त नाही म्हणून दुखणार नाही.

वैशाली (फार्मासिस्ट): हे अर्धं बरोबर आहे. स्टॅटिन न झेपलेल्या काही लोकांना हे खरंच झेपतं, त्यावर छोटी चाचणी झालीय. गोची अशी की मात्रा कमी आहे की जास्त हे तुम्हाला कळणारच नाही. २०१७ साली अमेरिकेत २८ ब्रँड तपासले, लेबलवर सगळीकडे रेड यीस्ट राइस, आत १२०० मिग्रॅमागे मोनॅकोलिन के काहींत शून्य आणि एकात जवळपास ११ मिग्रॅ. आता समजा तुमच्या पहिल्या डब्यात जवळजवळ काहीच नाही. दोन महिन्यांनी एलडीएल तिथेच, म्हणून तुम्ही दोनच्या चार कॅप्सूल केल्या. मग डबा संपला, दुकानात तो नव्हता, दुसरा आणला, आणि हा जोरदार निघाला. चार कॅप्सूल चालूच. डोस कितीतरी पट वाढला आणि तुम्हाला पत्ताच नाही. पोटऱ्या पुन्हा दुखल्या तर तुम्ही चालण्याला किंवा वयाला दोष देणार.

प्रसाद: माझ्या वडिलांचं असंच झालं, फक्त डबा बदलला नव्हता. कॅप्सूल बरेच दिवस चालू होत्या, काही त्रास नाही. मग छातीत कफ झाला म्हणून डॉक्टरांनी क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक दिलं, आणि कॅप्सूलचं आम्ही सांगितलंच नाही कारण ते औषध वाटतच नव्हतं. खुर्चीतून उठता येईना, लघवी चहासारखी गडद. स्नायूंची झीज दाखवणारं सीके हजारांत, किडनीचं क्रिएटिनिन वाढलेलं, अ‍ॅडमिट करावं लागलं.

वैशाली (फार्मासिस्ट): क्लॅरिथ्रोमायसिन लिव्हरमधलं जे एन्झाइम लोव्हास्टॅटिन मोडतं तेच अडवतं, मग रक्तात ते साचत जातं. बुरशीवरचं औषध इट्राकोनॅझोल आणि ग्रेपफ्रूटचा रसही तेच करतात. दुखतंय आणि लघवी गडद, हे दोन्ही एकत्र दिसलं की कॅप्सूल थांबवून त्याच दिवशी डॉक्टर, उद्या बघू नाही.

शरद काका: मग युरोपात का विकू देतात?

वैशाली (फार्मासिस्ट): देतात, पण २०२२ पासून दिवसाला ३ मिग्रॅपेक्षा कमी मोनॅकोलिन, आणि डब्यावर इशारा. एवढ्याने एलडीएल किती उतरेल हा वेगळाच वाद.

प्रसाद: आणि जपानमधलं किडनीचं प्रकरण? ते पण स्टॅटिनचंच का?

वैशाली (फार्मासिस्ट): नाही, तिथे दोष वेगळा. २०२४ मध्ये कोबायाशी कंपनीच्या बेनिकोजी, म्हणजे रेड यीस्ट राइसच्याच, गोळ्या घेणाऱ्यांच्या किडन्या बिघडल्या, आणि मालात प्युबेरुलिक अ‍ॅसिड सापडलं, ते कारखान्यात शिरलेल्या दुसऱ्याच पेनिसिलियम बुरशीने बनवलेलं. त्याशिवाय मोनास्कसच्या काही जाती स्वतःच सिट्रिनिन बनवतात, तेही किडनीला वाईट. २०१० साली तपासलेल्या १२ डब्यांपैकी ४ मध्ये ते निघालं. चव-वासावरून काही कळत नाही.

मिहिर, तुम्ही आधी टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, केली का? थायरॉइड कमी असेल तर एलडीएल पण चढतं आणि स्नायू पण दुखतात, मग स्टॅटिन उगाच बदनाम होतं. ते नॉर्मल आलं तर डॉक्टरांना इझेटिमाइब, जे स्टॅटिन नाही, किंवा दुसरं स्टॅटिन अगदी कमी डोसने, एक दिवसाआड देता येईल का ते विचारा.

शरद काका: म्हणजे शेवटी गोळीच. मी माझ्या कॅप्सूल सोडणार नाही, माझं एलडीएल उतरलंय.

वैशाली (फार्मासिस्ट): उतरणारच, काका, स्टॅटिन आहे ते. निदान डॉक्टरांना सांगून ठेवा, आणि डबा बदलला की लिपिड, सीके, क्रिएटिनिन परत करा.

प्रश्नकर्ता मिहिर: टीएसएच कधीच केलेलं नाही. उद्या सकाळी देतो.