नकाशातला लाल रंग आणि बाजूची पट्टी
"मुलाच्या टोपोग्राफीत खाली लाल डाग आहे, चष्मा घालवणारे लेसर करता येईल का?"

टोपोग्राफी म्हणजे कॉर्नियाच्या, अर्थात डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याच्या, वक्रतेचा नकाशा. आधी त्या नकाशाशेजारची रंगपट्टी पाहावी. लाल म्हणजे अधिक वक्र, निळा म्हणजे सपाट. पण पट्टीची पायरी, म्हणजे शेजारच्या दोन रंगांतला फरक, पाव डायॉप्टर वक्रतेचीच असेल, तर निरोगी कॉर्नियाही लालभडक दिसतो. वरचा भाग 43 आणि खालचा 47 डायॉप्टर असेल, तर मात्र केराटोकोनसचा, म्हणजे कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखा पुढे येण्याच्या आजाराचा, संशय रास्त आहे. मागच्या पृष्ठभागाचा उंचवटा आणि सर्वांत पातळ जागा तिथेच आढळल्यास लेसर टाळावेच, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण ते कमकुवत कॉर्निया आणखी पातळ करते. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असल्यास त्या डॉक्टर सांगतील तितके दिवस बंद ठेवून त्याच यंत्रावर काही महिन्यांनी पुन्हा नकाशा काढावा. कमाल वक्रता 1 डायॉप्टरने वाढलेली दिसल्यास कॉर्निया मजबूत करणाऱ्या क्रॉस-लिंकिंग उपचाराबाबत डॉक्टरांशी लगेच बोलावे.