मदत हवी आहे : कचरा वर्गीकरणाची फेरतपासणी कशी घ्यावी?

नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात पाचवीला शिकवतो. ओला, सुका आणि घातक कचऱ्याचा पाठ घेतला. शेवटी वर्गाला काम दिलं: हिरव्या डब्यात ओला, निळ्यात सुका, आणि रोज दोन मुलांनी ओला कचरा शाळेमागच्या खड्ड्यात टाकून वर कडुनिंबाचा वाळला पाला पसरायचा.

आठ दिवसांनी सांगून तपासणी केली, तर डबे अगदी चोख. पुढच्या आठवड्यात न सांगता निळा डबा वर्तमानपत्रावर ओतला. 40 पैकी 11 वस्तू चुकीच्या! त्यातल्या 7 संत्र्याच्या साली, 3 खिचडी लागलेले कागद आणि घड्याळाचा एक सेल. साली का टाकल्या, असं विचारल्यावर एक पोरगी म्हणाली, "सर, त्या तर वाळल्या होत्या!" म्हणजे मुलांनी 'सुका'चा अर्थ 'वाळलेला' असा घेतला. चूक माझ्या शिकवण्यातच होती. आता मी "हे मातीत कुजेल का?" असं विचारायला लावतो.

खड्ड्यालाही वास येतोय. उरलेली खिचडी जास्त अन् पाला कमी पडतोय, असं वाटतं.

दोन गोष्टी सांगा. अचानक तपासणी किती दिवसांनी घ्यावी, म्हणजे खरी सवय दिसेल आणि चुकणारं लेकरू वर्गात उघडं पडणार नाही? आणि कुरकुऱ्यांची चकचकीत पाकिटं आमचा भंगारवाला घेत नाही, तुम्ही त्यांचं काय करता?