प्रतिसाद: शून्य सावलीवरून किब्ला

> ‘गोलीय त्रिकोणमिती येत नसेल, तर मक्केची दिशा नुसती अंदाजानेच ठरवणार ना?’

नाही, गणित जवळपास टाळता येतं. १३व्या शतकात इराणी खगोलशास्त्रज्ञ नसीरुद्दीन तूसीने सांगितलेली युक्ती बघा. आपल्या नागपूरसारखंच मक्केलाही (अक्षांश सुमारे २१.४) वर्षातून दोनदा शून्य सावली पडते, मे अखेरीस आणि जुलैच्या मध्यावर. त्या क्षणी सूर्य नेमका मक्केच्या डोक्यावर असतो. म्हणजे तो जिथून दिसतोय तिथे त्याच्याकडे तोंड केलं की झाला किब्ला, म्हणजे नमाजाची दिशा. काठी रोवायची, सावलीच्या टोकाकडून बुंध्याकडे रेघ मारायची, बस्स.

खरी मेख ‘त्या क्षणी’ या शब्दांत आहे. उदाहरणार्थ, इराणमधलं इस्फहान मक्केच्या पूर्वेला साधारण १२ अंशांवर. एका अंशाला ४ मिनिटं धरली, तर इस्फहानच्या मध्यान्हानंतर सुमारे ४८ मिनिटांनी मक्केत मध्यान्ह होते. सावली सगळ्यात आखूड झाली की तिथली मध्यान्ह, पुढची मिनिटं अस्तरलाब या आकाशातली उंची मोजायच्या जुन्या उपकरणावर सूर्याच्या उंचीवरून मोजायची. रेघ जवळजवळ नैर्ऋत्येला जाते, आणि ते बरोबर आहे.

पण रेखांशातला फरक तेव्हा नीट मोजता येत नसे. ग्रहणाच्या वेळा दोन गावांत ताडून बघायच्या, नाहीतर प्रवासाच्या अंतरावरून अंदाज. तिथे एक अंश चुकला की ४ मिनिटं चुकली, आणि माथ्याजवळचा सूर्य दिशा भराभर बदलतो, त्यामुळे इस्फहानात तेवढ्यानेच रेघ अडीच-तीन अंशांनी सरकते.